पंधरा मिनिटांची फट

हेन्री मिन्ट्झबर्ग या कॅनेडियन अभ्यासकाने पाच संस्थांच्या प्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा काढला. साहेब काय करतात, कोणाशी बोलतात, किती वेळ बोलतात, सगळं तो टिपत गेला. त्यातून १९७३ साली ‘द नेचर ऑफ मॅनेजेरियल वर्क’ हे पुस्तक आलं. वरिष्ठ माणूस निवांत बसून दूरवरचा विचार करतो, अशी तोवर सर्वांची समजूत होती. नोंदी वेगळंच सांगत होत्या. त्या प्रमुखांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती, आणि तासाभरापेक्षा जास्त चाललेली कामं जेमतेम दहा टक्के होती. कारखान्याच्या फोरमनबद्दलचा त्याआधीचा एक अमेरिकी अभ्यास तर याहून थक्क करणारा आहे. त्यातल्या ५६ फोरमनना आठ तासांच्या एका पाळीत सरासरी ५८३ वेगवेगळ्या गोष्टींकडे बघावं लागत होतं.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ त्यांच्यावर अडकून राहिलो होतो. आपण साहेबांकडे पंधरा मिनिटं मागतो तेव्हा फार थोडं मागतोय असं आपल्याला वाटतं. त्यांच्या दिवसात मात्र ती पंधरा मिनिटं बऱ्याच कामांपेक्षा लांब असतात. आणि तरीही त्या चिंधड्या झालेल्या दिवसात पंधरा मिनिटांच्या फटी असतात, आपण समजतो त्यापेक्षा जास्त असतात. आपली विनंती त्या फटीच्या मापाची आहे का, एवढाच प्रश्न उरतो. दोन-चार वाक्यांच्या त्या निरोपात किती गणित आणि किती मानसशास्त्र दडलेलं आहे, ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी साहेबांच्या केबिनच्या दारातली गर्दी समजून घेऊ. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलवर एक निबंध लिहिला. रांगांच्या गणिताचा पाया तिथे पडला. त्या शास्त्रातलं एक साधं सूत्र असं सांगतं: काम करणारा माणूस एकच असेल, कामं केव्हाही येत असतील आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागत असेल, तर वाट पाहण्याचा वेळ त्या माणसाच्या व्यग्रतेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तो उसळतो. एका कामाला सरासरी वीस मिनिटं लागतात असं धरू. माणूस निम्मा वेळ व्यग्र असेल तर सरासरी वीस मिनिटं थांबावं लागतं. ऐंशी टक्के व्यग्र असेल तर ऐंशी मिनिटं. नव्वद टक्के झाला की तीन तास, आणि पंचाण्णव टक्के झाला की सहा तासांहून अधिक. नव्वदवरून पंचाण्णव हा फरक बाहेरून दिसतही नाही, पण दाराबाहेरची रांग दुप्पट होते. ‘साहेब भेटतच नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा साहेबांचा स्वभाव नसतो, हे गणित असतं. दारात जाऊन उभा राहणारा या रांगेत शिरतो. ठरलेली वेळ घेणारा रांगेत शिरतच नाही, त्याची जागा आधीच राखलेली असते.

आता एक प्रसंग घेऊ. समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात एक तरुण क्वालिटी इंजिनिअर आहे. सोमवारी सकाळी पुरवठादाराकडून ब्रॅकेटचा २,४०० नगांचा लॉट आला. ड्रॉइंगप्रमाणे बोअरची वरची मर्यादा २५.०५ मिलिमीटर. तिने ५० नग मोजले, त्यातले सात मर्यादेबाहेर निघाले, काही २५.०७ पर्यंत. लहान राहिलेलं भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. म्हणजे रस्ते दोनच उरले. एक, सगळे नग प्लग गेजने तपासून चांगले वेगळे काढायचे, ज्याला कारखान्यात सॉर्टिंग म्हणतात. दुसरा, आख्खा लॉट परत पाठवायचा. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला लाइनवर हे नग लागणार आहेत. गुरुवारी सुट्टी, कारण पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात. निर्णय प्लांट हेडचा, आणि प्लांट हेड सकाळपासून मीटिंगमध्ये.

अशा वेळी हमखास जाणारा निरोप आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे: ‘सर, थोडं बोलायचं होतं. तुम्हाला वेळ असेल तेव्हा सांगा.’

किती अदबशीर आहे तो! आपल्याकडे मोठ्यांना वेळ सुचवणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून वेळ त्यांच्यावर सोपवणं हा मान राखण्याचा भाग. पण त्या एका वाक्याने साहेबांच्या डोक्यावर किती काम टाकलं ते बघा. त्यांनी कॅलेंडर उघडायचं, आठवडाभर नजर फिरवायची, फट शोधायची, ती किती मोठी हवी याचा अंदाज करायचा (कशाबद्दल बोलायचं हेच माहीत नाही), मग वेळ लिहून पाठवायची आणि ती इंजिनिअरला जमेल का याची वाट बघायची. दोन मीटिंगच्या मधल्या तीन मिनिटांत फोन हातात घेतलेला माणूस हे करत नाही. तो मनात म्हणतो, ‘नंतर बघू’, आणि निरोप खाली सरकत जातो. ‘थोडं बोलायचं होतं’ यात आणखी एक धोका आहे. आपल्या ऑफिसांमध्ये हे वाक्य पुष्कळदा राजीनाम्याआधी येतं. सात नगांच्या बोअरसाठी साहेबांच्या मनात दिवसभर भलतीच शंका राहते.

याउलट तीन वेळा पुढे ठेवल्या तर काम शोधण्याचं राहत नाही, निवडण्याचं होतं. ‘बुधवार २.१५’ एवढं लिहिलं की झालं.

तीनच का, हे मला सगळ्यात जास्त भावलेलं गणित आहे. समजा, साहेबांचा सत्तर टक्के वेळ आधीच भरलेला आहे. आपण आंधळेपणाने एक वेळ सुचवली तर ती मोकळी असण्याची शक्यता तीस टक्के. दहातल्या सात वेळा ‘नाही जमणार’ ऐकायचं. आता तीन वेळा सुचवल्या तर तिन्ही भरलेल्या असण्याची शक्यता किती? सत्तर टक्क्यांचे सत्तर टक्के, आणि त्याचे पुन्हा सत्तर टक्के: सुमारे ३४ टक्के. म्हणजे निदान एक तरी जमण्याची शक्यता ६६ टक्क्यांवर गेली. दिवस तितकाच भरलेला, माणूस तितकाच व्यग्र, आणि आपली संधी दुपटीहून जास्त. चौथी वेळ दिली तर आकडा ७६ वर जातो, पाचवी दिली तर ८३ वर. प्रत्येक नव्या वेळेचा फायदा घटत जातो, आणि त्याची किंमत मात्र तेवढीच राहते. कारण जी वेळ आपण देऊ केली ती उत्तर येईपर्यंत आपल्याला मोकळी ठेवावी लागते. पाच जागा अडवून बसलेल्या माणसाचा स्वतःचा आठवडा कामातून जातो. त्यातली एखादी वेळ दुसऱ्या कुणाला देऊन बसलो आणि साहेबांनी नेमकी तीच निवडली, तर घोळ पक्का.

पण या गणिताला एक अट आहे, आणि ती मोडली की सगळं कोसळतं. तिन्ही वेळा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. कुणी मंगळवारी १०, १०.३० आणि ११ अशा वेळा दिल्या तर कागदावर त्या तीन दिसतात. मंगळवारी सकाळी ग्राहकाकडून ऑडिटर येणार असतील तर तिन्ही एकदमच जातात. तीन वेळा देऊनही संधी तीस टक्क्यांच्या आसपासच राहिली. म्हणून वेळा दोन दिवसांत आणि दिवसाच्या वेगवेगळ्या भागांत पसरायच्या: एक सकाळची, एक जेवणानंतरची, एक पाळी बदलण्याच्या आसपासची. साहेबांच्या आठवड्याची लय माहीत असेल तर आंधळेपणाही उरत नाही. रोजची प्रॉडक्शन मीटिंग साडेआठला सुरू होऊन नऊला संपते हे ठाऊक असेल तर ९.१५ ही सोन्यासारखी वेळ आहे. मीटिंग थोडी लांबली तरी चालतं, आणि दिवसभराचा उशीर अजून साचलेला नसतो. दुपारी २.१५ चंही तेच. जेवणाच्या सुट्टीत सकाळचा तुंबलेला उशीर बराचसा जिरतो. साडेपाचच्या पंधरा मिनिटांत मात्र सकाळपासूनच्या प्रत्येक लांबलेल्या मीटिंगचा उशीर येऊन पडतो.

वेळ किती पुढची मागावी, हाही प्रश्न आहे. अगदी आजची मागितली तर दिवस भरलेला असतो. तीन आठवड्यांनंतरची मागितली तर लगेच होकार मिळतो, आणि तो होकार फसवा निघतो. गॅल झौबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ साली यावर संशोधन प्रसिद्ध केलं. आजच्यापेक्षा पुढच्या काळात आपल्याकडे जास्त मोकळा वेळ असेल असं माणसाला वाटतं, पैशाच्या बाबतीतही थोडं तसं वाटतं, पण वेळेच्या बाबतीत ते फार ठळकपणे वाटतं. तो दिवस उजाडतो तेव्हा तोही आजच्याइतकाच भरलेला निघतो आणि आपली भेट पुढे ढकलली जाते. उद्यापासून चार-पाच कामाच्या दिवसांच्या आतली वेळ मागणं बरं. तेवढ्या अंतरावर फटी अजून शिल्लक असतात, आणि माणसाला आपला खरा आठवडा डोळ्यांपुढे दिसत असतो.

आता आपल्या इंजिनिअरने काय लिहिलं ते पाहू. विषयाच्या ओळीत: ‘ब्रॅकेट लॉट: सॉर्टिंग की परत? निर्णय बुधवार दुपारी ४ पर्यंत (१५ मिनिटं)’. आणि खाली:

‘सर, नमस्कार. आज आलेल्या २,४०० ब्रॅकेटच्या लॉटमधले ५० नग तपासले. ७ नगांचं बोअर मर्यादेपेक्षा मोठं आहे. सॉर्टिंग करून चांगले नग वापरायचे की आख्खा लॉट परत पाठवायचा, यावर आपला निर्णय हवा आहे. माझं मत सॉर्टिंगचं आहे. बुधवारी सेकंड शिफ्टला दोन माणसं चार तास लागतील. लाइनला शुक्रवारी फर्स्ट शिफ्टपासून नग हवेत, म्हणून निर्णय बुधवारी चारपर्यंत मिळाला तर बरं. यासाठी पंधरा मिनिटं हवीत. मंगळवारी सकाळी ९.१५, मंगळवारी दुपारी ४ किंवा बुधवारी दुपारी २.१५, यांपैकी कोणती वेळ सोयीची होईल? एकही जमत नसेल तर आपण सांगाल तेव्हा येईन. मोजमापांचा तक्ता सोबत जोडला आहे.’

शेवटून दुसरं वाक्य बघा. वेळा सुचवण्यातला उद्धटपणा, जर कुणाला तो वाटलाच, तर या एका वाक्यात विरघळतो. मान राहिला आणि कामही अडलं नाही. मात्र ते वाक्य वेळांच्या आधी यायला नको. आधी आलं तर वाचणारा तिथेच थांबतो आणि पुन्हा ‘नंतर बघू’.

खरी जादू मात्र वेळांच्याही आधीच्या भागात आहे. भेटीचं कारण आधी सांगितल्याने साहेबांना चार वेगवेगळे रस्ते मोकळे झाले. ते भेटीची वेळ निवडू शकतात. भेटीशिवाय तिथेच उत्तर देऊ शकतात. ‘हे माझ्याकडे नको, क्वालिटी हेडना विचार’ म्हणून योग्य दारात पाठवू शकतात. किंवा ‘आधी मला आणखी वीस नगांची मोजमापं दे’ असं सांगू शकतात. ‘थोडं बोलायचं होतं’ या निरोपाला यांतलं एकही उत्तर देता येत नाही. त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि कारण न कळता हो म्हणणं महाग असतं. शिवाय मोठ्या साहेबांचं कॅलेंडर पुष्कळदा त्यांच्या पीएच्या हातात असतं. दहा जण वेळ मागत असतात तेव्हा पीए त्या एका ओळीवरूनच ठरवतात की आज कोण आणि पुढच्या आठवड्यात कोण. कारण न लिहिलेली विनंती त्यांना कुठेच बसवता येत नाही, मग ती तळाशी जाते.

कारण नीट लिहिलंय की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. शेवटी प्रश्नचिन्ह येईल अशा एका वाक्यात ते मांडता येतं का? ‘ब्रॅकेटच्या क्वालिटीबद्दल चर्चा’ याच्यापुढे प्रश्नचिन्ह येत नाही. ‘सॉर्टिंग करायचं की परत पाठवायचं?’ याच्यापुढे येतं. जिथे येत नाही तिथे बहुतेकदा मागणाऱ्यालाच आपल्याला काय हवंय ते अजून ठरलेलं नसतं. हे लिहायला बसल्यावर कळतं, आणि केबिनमध्ये बसल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

पंधरा मिनिटांत प्रत्यक्ष किती मावतं? येणं, बसणं, साहेबांनी आधीचा फोन ठेवणं यात दोन मिनिटं जातात. परिस्थिती सांगायला दोन. मग मुख्य सहा-सात मिनिटं साहेबांच्या प्रश्नांची, आणि तीच या भेटीची खरी किंमत आहे. शेवटची दोन मिनिटं ठरलेलं पुन्हा मोठ्याने म्हणून घेण्यासाठी, आणि एक-दोन मिनिटं आधी उठण्यासाठी, कारण पुढचा माणूस दारात उभा असतो. म्हणजे एक प्रश्न, दोन पर्याय, फार तर तीन. साहेबांचा पहिला प्रश्न काय असेल याचा अंदाज आधीच घेता येतो. इथे तो ‘चांगले किती उरतील?’ हाच असणार. पन्नासातले सात म्हणजे १४ टक्के. पण पन्नास नगांवरून काढलेला हा अंदाज ढोबळ आहे. वाईटात वाईट पाव भाग बाद झाला असं धरलं तरी १,८०० नग उरतात, आणि शुक्रवार-शनिवारला मिळून हजारच लागतात. प्लग गेजने एका नगाला दहा सेकंद धरले तर २,४०० नगांना पावणेसात तास, दोन माणसांत साडेतीन. म्हणून तिने चार तास लिहिले. हा हिशेब खिशात असेल तर पंधरा मिनिटं पुरतात.

सगळंच पंधरा मिनिटांत बसत नाही. पगाराचं बोलणं, सहकाऱ्याबद्दलची तक्रार, तीन विभागांचं एकमत नसलेला विषय यांना ते माप लहान पडतं. तिथे सरळ पाऊण तास मागावा. पंधरा मिनिटं म्हणून आत शिरायचं आणि ‘आलोच आहे तर’ म्हणून आणखी दोन विषय काढायचे, हे माझ्या मते सगळ्यात घातक. पुढच्या वेळी साहेब मनातल्या मनात आपल्या पंधरा मिनिटांचा तास धरतात, आणि तासाची फट कुठेच नसते.

साहेब परदेशात असतील तर वेळेसोबत कोणत्या गावची वेळ तेही लिहायला हवं. भारतात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात आणि उन्हाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली जागची हलत नाहीत. त्या दोन रविवारांनंतरच्या आठवड्यात कितीतरी भेटी तासाभराने चुकतात. दोन्हीकडच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या की हे टळतं.

उत्तर आलंच नाही तर? दोन दिवसांनी नुसती ‘सर, आठवण’ पाठवून उपयोग नाही, कारण तोवर दिलेल्या वेळांतल्या एक-दोन उलटून गेलेल्या असतात, आणि उलटलेल्या वेळांच्या यादीतून निवड करता येत नाही. त्याच निरोपाच्या धाग्यात, तोच एका ओळीचा प्रश्न आणि नव्या तीन वेळा. निर्णयाची शेवटची वेळ जवळ आली असेल तर दोन दिवसही थांबायचं नाही. पीएंना फोन करायचा.

भोसरीच्या प्लांट हेडचं उत्तर सोमवारी दुपारी येतं. ‘सॉर्टिंग करा. माणसं आपली नकोत, पुरवठादाराची बोलवा, खर्च त्यांचा. बुधवार २.१५ ठेवा आणि परचेसच्या मॅडमनाही बोलवा. या पुरवठादाराचं पुढे काय करायचं ते ठरवू.’

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भेटीशिवाय मिळालं, तेही तिला सुचलं नव्हतं त्याहून चांगलं, आणि कारण आधी कळल्यामुळे साहेबांनी त्याच पंधरा मिनिटांना दुसरा, मोठा प्रश्न जोडला. ती मंगळवारच्या दोन्ही अडवलेल्या वेळा सोडून देते, पुरवठादाराला फोन लावते, आणि तिघांच्या कॅलेंडरवर बुधवारी २.१५ चं बोलावणं टाकते. शीर्षक आता बदललेलं आहे: ‘ब्रॅकेट पुरवठादार: चालू ठेवायचा की दुसरा शोधायचा?’ गेल्या सहा महिन्यांत त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तिला काढायची आहे, आणि त्यासाठी हातात जवळजवळ दोन दिवस आहेत.